फ्लॅट स्लॅबमधला मोमेंट: कॉलम स्ट्रिपला किती, मिडल स्ट्रिपला किती

मागे एका ऑफिस इमारतीचं ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आलं होतं. बीम नसलेला सपाट स्लॅब, कॉलम ६ मी. बाय ५ मी.वर, भार आणि मोमेंट बरोबर काढलेले, सळयांचं एकूण वजनही माझ्या हिशोबाशी जुळत होतं. चूक एकाच आकड्यात होती. आखूड दिशेतली कॉलम स्ट्रिप ३ मी. रुंद आखली होती आणि ती २.५ मी. हवी होती. स्टील तेवढंच होतं, पण कॉलमच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव मीटर लांबवर पसरलं होतं. फ्लॅट स्लॅबमध्ये ही गोष्ट गंभीर आहे, कारण मोमेंट एकवटतो तो कॉलमभोवतीच. ज्यांनी ड्रॉइंग केलं ती मंडळी हुशार होती. त्यांनी कोडमधलं वाक्य अर्धंच वाचलं होतं, इतकंच.

तेच पॅनेल घेऊन आयएस ४५६:२००० मधली डायरेक्ट डिझाइन मेथड इथे पायरीपायरीने करून दाखवतो. सगळे आकडे हातानेच काढता येतात, आणि निदान पहिल्यांदा तरी ते हातानेच काढावेत असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करू

चारही बाजूंना बीम असलेला टू-वे स्लॅब शिकताना आपल्या डोक्यात पक्कं बसतं की भार दोन दिशांत वाटला जातो, थोडा इकडे आणि थोडा तिकडे. तिथे उरलेला हिस्सा बीम वाहून नेतात, म्हणून ते खरं असतं. फ्लॅट स्लॅबमध्ये बीम नाहीत. लांब दिशेने बघितलं तर सगळा भार स्लॅबनेच कॉलमच्या ओळीपर्यंत नेला पाहिजे, आणि आखूड दिशेने बघितलं तरीही सगळा भार स्लॅबनेच न्यायचा आहे. म्हणून प्रत्येक दिशेचा हिशोब पूर्ण भारावर करायचा, वाटणी न करता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्लॅट स्लॅबच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, तेव्हा या मुद्द्यावर मोठा वाद झाला. १९१४ साली जे. आर. निकोल्स यांनी साध्या समतोलाच्या नियमांवरून दाखवून दिलं की एका स्पॅनमधले आधारावरचे आणि मधले मोमेंट मिळून एका ठरावीक बेरजेपेक्षा कमी असूच शकत नाहीत. आजची पद्धत त्याच बेरजेवर उभी आहे. ती बेरीज म्हणजे Mo:

```
Mo = W × ln / 8
W  = w × l2 × ln
```

w हा प्रति चौ.मी. डिझाइन भार आणि W हा l2 × ln एवढ्या क्षेत्रावरचा एकूण भार. l1 हा ज्या दिशेचा मोमेंट काढतोय त्या दिशेचा स्पॅन, कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत. l2 हा त्याला आडवा स्पॅन. ln हे कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंतचं मोकळं अंतर, पण ते l1 च्या ०.६५ पटीपेक्षा कमी धरायचं नाही. कॉलम गोल असेल तर तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस समजून तोंड ठरवायचं.

पद्धत लागू पडते का ते बघा

ही पद्धत म्हणजे तयार गुणांक आहेत, आणि ते नियमित मांडणीसाठीच बसवलेले आहेत. प्रत्येक दिशेत सलग किमान तीन स्पॅन हवेत. पॅनेल आयताकृती हवं आणि लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीपेक्षा जास्त नको. ओळीतून सरकलेला कॉलम त्या दिशेच्या स्पॅनच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेला नको. शेजारशेजारच्या स्पॅनमधला फरक मोठ्या स्पॅनच्या एकतृतीयांशाच्या आत हवा. टोकाचा स्पॅन मधल्यापेक्षा आखूड चालतो, लांब चालत नाही. डिझाइनचा चल भार स्थिर भाराच्या तिपटीपेक्षा जास्त नको.

आपल्याकडे सर्वात जास्त वेळा अडतं ते पहिल्या अटीवर. पार्किंगवरच्या पोडियमला एका दिशेला दोनच स्पॅन असतात, किंवा लिफ्ट आणि जिन्याच्या खोबणीने ओळ तुटलेली असते. अशा वेळी गुणांक ओढूनताणून लावू नका, इक्विव्हॅलंट फ्रेम करा. आणि हे सगळं फक्त उभ्या भारासाठी आहे. भूकंप आणि वारा या हिशोबात कुठेच नाहीत, ते शीअर वॉलच्या भरवशावर वेगळे पाहायचे.

आपलं पॅनेल

कॉलम ५०० × ५०० मि.मी., ड्रॉप नाही, कॉलम हेड नाही, कडेला बीम नाही. एम २५ काँक्रीट, एफई ५०० सळई. जाडी लांब स्पॅनवरून ठरते. ड्रॉप नसेल तर स्पॅन आणि डेप्थच्या गुणोत्तराला ०.९ ने गुणायचं असतं. सलग स्पॅनचं २६, स्टीलच्या प्रमाणाचा गुणक १.३ धरला, तर २६ × १.३ × ०.९ म्हणजे सुमारे ३०. ६००० मि.मी.ला साधारण २०० मि.मी. डेप्थ लागते. कव्हर आणि सळई मिळवून जाडी २३० घेतली.

स्लॅबचं स्वतःचं वजन ५.७५, फरशी आणि सीलिंग १.२५, म्हणजे स्थिर भार ७.० किलोन्यूटन प्रति चौ.मी. स्टोअर वेगळं असलेल्या ऑफिसचा चल भार २.५ आणि हलक्या पार्टिशनचा १.०, मिळून ३.५. एकूण १०.५, दीडपट करून w = १५.७५. चल भार स्थिर भाराच्या निम्म्याच्या वर जात नाही, त्यामुळे एकाआड एक पॅनेलवर भार ठेवून होणाऱ्या वाढीची वेगळी तपासणी इथे लागत नाही.

पहिली वाटणी: आधारावर किती, मध्ये किती

लांब दिशा घेऊ. l1 = ६, l2 = ५, ln = ६ − ०.५ = ५.५ मी. W = १५.७५ × ५ × ५.५ = ४३३ किलोन्यूटन, आणि Mo = ४३३ × ५.५ / ८ = २९८ किलोन्यूटन-मीटर.

आतल्या स्पॅनमध्ये यातला ६५ टक्के आधारावर ऋण मोमेंट म्हणून जातो आणि ३५ टक्के मध्ये धन म्हणून. म्हणजे १९३.६ आणि १०४.२. ऋण मोमेंट कॉलमच्या तोंडावरचा आहे, मध्यावरचा नाही. त्यात आणखी कपात करायची नाही, ln घेतानाच ती झालेली आहे.

आखूड दिशेला l1 = ५, l2 = ६, ln = ४.५. W = ४२५.३, Mo = २३९.२. ऋण १५५.५, धन ८३.७.

दुसरी वाटणी: कॉलम स्ट्रिप आणि मिडल स्ट्रिप

आतापर्यंत जो मोमेंट काढला तो पॅनेलच्या पूर्ण रुंदीचा आहे. प्रत्यक्षात तो रुंदीभर सारखा नसतो. आधाराच्या रेषेवर उभं राहून आडवं पाहिलं, तर कॉलमपाशी तो उंच शिखर गाठतो आणि दोन कॉलमच्या मधोमध बराच खाली येतो, कारण वाकायला खरा विरोध फक्त कॉलमपाशी आहे. स्पॅनच्या मध्यावर चित्र वेगळं असतं. तिथे कुठल्याच कॉलमची जवळीक नाही, म्हणून मोमेंट बराच पसरलेला असतो. त्या वक्र रेषेच्या जागी कोड दोन सपाट पायऱ्या ठेवतं. आतल्या आधारावरच्या ऋण मोमेंटचा ७५ टक्के कॉलम स्ट्रिपला, मधल्या धन मोमेंटचा ६० टक्के कॉलम स्ट्रिपला. उरलेला मिडल स्ट्रिपला.

आता रुंदी, जिथे ते ड्रॉइंग चुकलं होतं. कॉलम स्ट्रिप म्हणजे कॉलमच्या मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला ०.२५ l2, पण ०.२५ l1 पेक्षा जास्त नाही. हे 'पण' महत्त्वाचं आहे. लांब दिशेला ०.२५ × ५ = १.२५ येतो आणि तोच लहान आहे, म्हणून स्ट्रिप २.५ मी. आखूड दिशेला ०.२५ × ६ = १.५ येतो, पण ०.२५ × ५ = १.२५ ने तो अडवला जातो. स्ट्रिप पुन्हा २.५ मी.च. मी मनात असं धरतो की कॉलम स्ट्रिपची रुंदी दोन्ही दिशांना सारखीच, आखूड स्पॅनच्या निम्मी. उरते ती मिडल स्ट्रिप: लांब दिशेच्या मोमेंटसाठी २.५ मी., आखूड दिशेच्या मोमेंटसाठी ३.५ मी.

आतल्या पॅनेलचे आकडे असे येतात. शेवटचा रकाना किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर रुंदी असा आहे.

| दिशा | जागा | मोमेंट | रुंदी | प्रति मीटर |
|---|---|---|---|---|
| लांब | कॉलम स्ट्रिप, ऋण | १४५.२ | २.५ | ५८.१ |
| लांब | मिडल स्ट्रिप, ऋण | ४८.४ | २.५ | १९.४ |
| लांब | कॉलम स्ट्रिप, धन | ६२.५ | २.५ | २५.० |
| लांब | मिडल स्ट्रिप, धन | ४१.७ | २.५ | १६.७ |
| आखूड | कॉलम स्ट्रिप, ऋण | ११६.६ | २.५ | ४६.६ |
| आखूड | मिडल स्ट्रिप, ऋण | ३८.९ | ३.५ | ११.१ |
| आखूड | कॉलम स्ट्रिप, धन | ५०.२ | २.५ | २०.१ |
| आखूड | मिडल स्ट्रिप, धन | ३३.५ | ३.५ | ९.६ |

३ मी. रुंद स्ट्रिप धरली असती तर आखूड दिशेचा ऋण मोमेंट ११६.६ / ३ = ३८.९ प्रति मीटर आला असता, म्हणजे १७ टक्क्यांनी कमी. लांब दिशेच्या सळया बाहेरच्या थरात ठेवल्या तर त्यांची डेप्थ २०४ येते आणि आतल्या थरातल्या आखूड दिशेच्या सळयांची १९२. ४६.६ साठी मीटरला ५९५ चौ.मि.मी. स्टील लागतं, २.५ मी.ला १४८७, म्हणजे १२ मि.मी.च्या १४ सळया, साधारण १७८ मि.मी. अंतराने. चुकीच्या रुंदीने मीटरला ४९१ आणि ३ मी.ला १४७३, पुन्हा १४ सळयाच, फक्त २१४ मि.मी. अंतराने. म्हणून बार बेंडिंग शेड्यूल कितीही बारकाईने तपासलं तरी ही चूक सापडत नाही. नग तेवढेच, लांबी तेवढीच, वजन तेवढंच. ड्रॉइंगवर स्ट्रिपची रुंदी मोजली तरच ती दिसते.

लांब दिशेच्या ५८.१ साठी मीटरला ७०३ चौ.मि.मी., म्हणजे २.५ मी.त १२ मि.मी.च्या १६ सळया. मिडल स्ट्रिपला १९.४ साठी फक्त २२३ लागतं, पण जाडीच्या ०.१२ टक्के हे किमान स्टील २७६ होतं. म्हणून तिथे किमानच ठरवतं: १० मि.मी. २५० अंतराने. हीच गोष्ट आखूड दिशेच्या मिडल स्ट्रिपला आणखी ठळक दिसते. मिडल स्ट्रिपचं स्टील 'तसंही जास्तच आहे' म्हणून ते कॉलम स्ट्रिपच्या खात्यात जमा धरण्याचा मोह काही जणांना होतो. तो टाळा.

टोकाचा स्पॅन

इथे गुणांक कॉलम स्लॅबला किती घट्ट धरतो यावर ठरतात. ते मोजायचं αc ने, म्हणजे सांध्यावर मिळणाऱ्या वरच्या-खालच्या कॉलमच्या कडकपणाची बेरीज भागिले स्लॅबचा कडकपणा.

```
x = 1 / (1 + 1/αc)
बाहेरचा ऋण = 0.65 x
धन          = 0.63 - 0.28 x
आतला ऋण     = 0.75 - 0.10 x
```

मजल्याची उंची ३.५ मी. धरली तर कॉलमचा I येतो ५.२१ × १०⁹ आणि ५ मी. रुंद स्लॅबचा ५.०७ × १०⁹ मि.मी.⁴. वर एक आणि खाली एक असे दोन कॉलम ३.५ मी.चे आणि स्लॅब ६ मी.चा, म्हणून αc = ३.५२ आणि x = ०.७७९. गुणांक अनुक्रमे ०.५०६, ०.४१२ आणि ०.६७२. पुढे जाण्याआधी दोन ऋणांची सरासरी आणि धन यांची बेरीज करून बघा: ०.५८९ + ०.४१२ = १.००१. ही बेरीज १ च्या आसपास आली नाही तर गुणांक काढताना कुठेतरी चूक झाली आहे. αc उलटा भागला गेला तर मात्र ते या बेरजेत दिसत नाही, तो वेगळा तपासा.

गच्चीच्या स्लॅबला मात्र फक्त खालचाच कॉलम असतो. αc निम्मा होतो, बाहेरचा ऋण ०.४१५ वर उतरतो आणि धन ०.४५१ वर चढतो. खालच्या मजल्याचं डिझाइन गच्चीला जसंच्या तसं उचललं तर टोकाच्या पॅनेलमध्ये खालचं स्टील कमी पडतं.

मधल्या मजल्याकडे परत येऊ. बाहेरचा ऋण १५०.७, धन १२२.७, आतला ऋण २००.२. आतल्या आधारावर शेजारच्या स्पॅनमधून १९३.६ येतो, पण डिझाइन दोघांपैकी मोठ्याला करायचं, म्हणजे २००.२ ला. त्याचा ७५ टक्के कॉलम स्ट्रिपला, मीटरला ६०. धनाचा ६० टक्के कॉलम स्ट्रिपला, मीटरला २९.४. मिडल स्ट्रिपला १९.६.

बाहेरच्या आधारावर ७५ नाही, १०० टक्के मोमेंट कॉलम स्ट्रिपचा. कारण साधं आहे. कडेला बीम नाही, तेव्हा दोन कॉलमच्या मधली स्लॅबची कड पिळायला विरोध करत नाही. ती मोकळेपणाने फिरते आणि मोमेंट घेतच नाही. (आधार सलग भिंतीचा असेल, किंवा कॉलम आडव्या स्पॅनच्या तीन-चतुर्थांशाइतका लांब असेल, तर मोमेंट पूर्ण रुंदीभर सारखा धरायचा.) कॉलम स्ट्रिपला मीटरला ६०.३, म्हणजे १२ मि.मी.च्या १७ सळया. मिडल स्ट्रिपचा वाटा कागदावर शून्य, तरी वरचं किमान स्टील तिथे द्याच, नाहीतर कडेला समांतर चीर वरून दिसायला लागते.

कडेचा कॉलम: स्ट्रिपच्या आतली आणखी एक वाटणी

बरेच जण इथे थांबतात, पण एक काम उरलेलं असतं. तो १५०.७ कॉलममध्ये शिरायचा कसा? त्यातला काही भाग वाकण्यातून जातो, उरलेला शीअरमधून. चौरस आतल्या कॉलमला वाकण्याचा वाटा ०.६ असतो. कडेच्या कॉलमला शीअरचा धोक्याचा छेद सुमारे ६०० × ७०० मि.मी.चा होतो, म्हणून तो ०.६२ येतो. ९३ किलोन्यूटन-मीटर एवढा मोमेंट कॉलमची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना स्लॅबच्या जाडीच्या दीडपट एवढ्याच पट्ट्यात बसवायचा: ५०० + २ × ३४५ = ११९० मि.मी. मीटरला ७८ होतात. त्यासाठी ११६० चौ.मि.मी., म्हणजे ११ सळया या पट्ट्यात हव्यात. १७ सळया २.५ मी.त सारख्या पसरल्या असत्या तर इथे आठच आल्या असत्या. म्हणून ११ सळया मधल्या १.१९ मी.त आणि तीन-तीन दोन्ही बाजूंना, असं ड्रॉइंगवर लिहावं लागतं.

उरलेले ३८ टक्के पंचिंग शीअरमध्ये मिसळतात. आतल्या कॉलमला नुसत्या भाराचा शीअर स्ट्रेस ०.८४ येतो आणि मर्यादा ०.२५√२५ = १.२५ आहे, तिथे चिंता नाही. कडेच्या कॉलमला भाराचा ०.६६ आणि मोमेंटचा जवळपास ०.७ मिळून आकडा १.३५ च्या आसपास जातो, तोही बाहेरच्या भिंतीचं वजन न धरता. म्हणजे मोमेंटच्या हिशोबात पास झालेलं हे पॅनेल कडेच्या कॉलमवर नापास आहे. तिथे ड्रॉप द्या, शीअर स्टील द्या किंवा जाडी वाढवा. मोमेंटची वाटणी संपली म्हणून फाइल बंद करायची नाही ती यासाठी.

साइटवर

ड्रॉइंगवरच्या स्ट्रिप शटरिंगवर दिसत नाहीत. फिटरला 'वरचं जाळं' एवढंच कळलं तर तो सगळीकडे एकसारखं अंतर सोडतो. स्टील बांधायच्या आधी मी प्लायवर रंगाने स्ट्रिपच्या कडा आखून घेतो, आणि कडेच्या कॉलमपाशी ११९० चा पट्टा वेगळ्या रंगाने. कोणती दिशा वरच्या थरात हेही तिथेच बाणाने दाखवतो, कारण थर उलटे बांधले गेले तर लांब दिशेची डेप्थ २०४ वरून १९२ वर येते.

वरच्या सळयांची लांबीही स्ट्रिपप्रमाणे बदलते. ड्रॉप नसताना कॉलम स्ट्रिपमधल्या निम्म्या सळया कॉलमच्या तोंडापासून ०.३० ln पर्यंत, म्हणजे १.६५ मी., आणि उरलेल्या ०.२० ln पर्यंत, म्हणजे १.१० मी. मिडल स्ट्रिपच्या सगळ्या ०.२२ ln, म्हणजे १.२१ मी.

काँक्रीटच्या दिवशी नजर चेअरवर ठेवा. पंपाचा पाइप ओढताना माणसं कॉलमच्या भोवतीच उभी राहतात, आणि नेमकं तिथलंच वरचं जाळं दबतं. २५ मि.मी. खाली बसलं की २०४ चे १७९ राहतात, ताकद १२ टक्क्यांहून अधिक उतरते. काँक्रीट पडायच्या आधी पट्टी घेऊन प्रत्येक कॉलमच्या चारही बाजूंना प्लायपासून वरच्या सळईच्या माथ्यापर्यंत मोजायचं. बाहेरच्या थराला २१० यायला हवेत.